‘नेमी’ कामकाज आणि नव्वदावा दिवस

ग्वाल्हेरमधील एका छोट्या केंद्रीय कार्यालयाच्या आस्थापना शाखेत मी अठ्ठावीस वर्षे काढली. तेवढ्या काळात अतिरिक्त कार्यभाराचे किमान तीस मसुदे माझ्या हातून गेले असतील. पद रिक्त झाले, नवा माणूस यायला वेळ आहे, म्हणून शेजारच्या कार्यालयातील समकक्ष अधिकाऱ्याला तोपर्यंत काम पाहायला सांगायचे, एवढाच त्या आदेशाचा विषय असतो. मजकूर जेमतेम एक पान भरतो, आणि जुन्या धारिकेतला नमुना काढून नाव, पद व तारीख बदलली की अर्ध्या तासात काम होते. माझी चूकही नेमकी त्याच अर्ध्या तासात झाली.

आमचे उपसंचालक ३१ मार्चला निवृत्त झाले. नव्या नियुक्तीचा आदेश निघाला नव्हता, त्यामुळे शहरातच असलेल्या दुसऱ्या कार्यालयातील त्याच दर्जाच्या एका ज्येष्ठ अधिकाऱ्याकडे १ एप्रिलपासून कार्यभार द्यावा, असा प्रस्ताव मी मसुद्यासह मुख्यालयाला पाठवला. मुख्यालयाने एक अक्षर न बदलता तो सहीनिशी परत केला. आमच्या मुख्यालयात मसुदे वाचले जात नाहीत, त्यांच्यावर सह्या होतात. हे मला ठाऊक असल्यामुळे तर मी अधिक काळजी घ्यायला हवी होती.

मी उचललेला नमुना तीन वर्षांपूर्वीचा होता. तेव्हाचे साहेब पाच आठवड्यांच्या रजेवर गेले होते आणि तेवढ्यापुरती कागदपत्रे पुढे सरकावीत म्हणून दुसऱ्या परिच्छेदात स्पष्ट लिहिले होते की संबंधित अधिकारी केवळ दैनंदिन, नित्याचे व अवैधानिक, म्हणजे कायदा-नियमांनी पदाला दिलेले अधिकार ज्यात वापरावे लागत नाहीत अशा, स्वरूपाचे कामकाज पाहतील आणि त्यांना अतिरिक्त मानधन मिळणार नाही. अशा प्रसंगी असे लिहिणे योग्यच आहे, किंबहुना कार्मिक विभागाच्या १९८९ च्या सूचनांनुसार आवश्यकही आहे. एखाद्याला फक्त रोजचे काम पाहायचे असेल तर साधा कार्यालयीन आदेश पुरतो, पण त्यात तो कोणते काम करील आणि कोणते करणार नाही हे नमूद करावे लागते. मात्र पदाची सर्व कर्तव्ये, म्हणजे कायदा व नियमांनी त्या पदाला दिलेले अधिकारही वापरायचे असतील, तर सक्षम प्राधिकाऱ्याच्या मान्यतेने त्या पदावर औपचारिक नेमणूक करावी लागते. बाहेरून पाहणाऱ्याला दोन्हीही ‘अतिरिक्त कार्यभार’च वाटतात, आणि दोन्ही आदेशांवर शीर्षकही तेच असते.

हा फरक व्यवहारात असा दिसतो. नित्याचे काम पाहणारा अधिकारी रजा मंजूर करतो, प्रवासभत्त्याची बिले पाहतो, पत्रव्यवहारावर सही करतो आणि त्यात कोणालाही काही खटकत नाही. शिस्तभंगाच्या बाबतीत मात्र त्याची सही चालत नाही. केंद्रीय नागरी सेवा (वर्गीकरण, नियंत्रण व अपील) नियम, १९६५ हे राज्यघटनेखाली केलेले नियम आहेत, आणि त्यांतले शिक्षा देण्याचे, निलंबित करण्याचे, निलंबन वाढवण्याचे अधिकार वैधानिक मानले जातात. गृह मंत्रालयाने १९६३ मध्येच हे स्पष्ट केले होते की पदाचे चालू कामकाज पाहणारा अधिकारी प्रशासकीय व आर्थिक अधिकार वापरू शकतो, वैधानिक अधिकार वापरू शकत नाही. हे सगळे मला पाठ होते. फक्त मसुदा करताना ते आठवले नाही.

आमच्याकडील एक लिपिक १० जानेवारीपासून निलंबित होता. निलंबनाचा आढावा नव्वद दिवस संपण्याआधी घ्यावा लागतो आणि मुदत वाढवण्याचा आदेश त्या आतच निघावा लागतो. नाही निघाला तर निलंबन आपोआप संपते आणि मागाहून काढलेल्या आदेशाने ते जिवंत होत नाही. दीपक माळी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने हेच ठरवले आहे. जानेवारीतले २२ दिवस, फेब्रुवारीतले २८, मार्चमधले ३१ आणि एप्रिलमधले ९, अशी बेरीज ९ एप्रिलला नव्वदावर येत होती. ही बेरीज मी भिंतीवरच्या दिनदर्शिकेत महिन्याभरापूर्वीच लाल शाईने मांडली होती, त्यामुळे मी निर्धास्त होतो. आढावा समिती ६ एप्रिलला बसली, तिने १८० दिवसांची वाढ सुचवली, आणि ८ तारखेला अतिरिक्त कार्यभार असलेल्या साहेबांनी वाढीच्या आदेशावर सही केली. दिनदर्शिकेवर मी समाधानाने बरोबरची खूण केली.

दुसऱ्या दिवशी, म्हणजे नव्वदाव्या दिवशी, साडेअकराच्या सुमारास वेतन व लेखा कार्यालयातून फोन आला. निलंबित लिपिकाच्या निर्वाह भत्त्याच्या बिलावर नवी सही आहे, तेव्हा कार्यभाराच्या आदेशाची प्रत जोडा, असे तिथल्या लेखापालाने सांगितले. प्रत काढली, यंत्रावर ठेवण्याआधी कागद सरळ केला, आणि अंगठ्याखाली दुसरा परिच्छेद आला. मी तो तीनदा वाचला. ‘अवैधानिक’ हा शब्द मीच टंकलेला होता, आणि त्या शब्दाखाली बसलेल्या अधिकाऱ्याने कालच एका माणसाचे निलंबन वाढवले होते.

साहेबांच्या खोलीत गेलो तेव्हा ते माझ्यापेक्षा अधिक चकित झाले, कारण त्यांनी आदेशाची हिंदी प्रत वाचली होती. आमचे सामान्य आदेश राजभाषा कायद्यानुसार हिंदी आणि इंग्रजी दोन्ही भाषांत निघतात. मसुदा मी इंग्रजीत केला होता आणि हिंदी भाषांतर आमच्याच एका सहकाऱ्याने. हिंदीत नित्याच्या कामाला ‘नेमी कार्य’ असा ठरलेला शब्द आहे, पण त्याला तो अपरिचित वाटला असावा, म्हणून त्याने ‘कार्यालय का सामान्य कार्य’ असे लिहिले आणि ‘अवैधानिक’ हा भाग तर पूर्णच वगळला. घरी मराठी, कार्यालयात हिंदी आणि धारिकेत इंग्रजी अशा तीन भाषांत आमचे आयुष्य जाते, आणि शब्द एका भाषेतून दुसरीत नेताना किती सांडतो हे आम्हाला इतर कोणापेक्षा अधिक कळायला हवे. साहेब म्हणाले, “मैं तो समझा था कि पूरा चार्ज मिला है।” त्यांना काय सांगणार होतो? त्यांच्या समोरच्या कागदावर ते खरे होते.

मग मी मुख्यालयाला फोन लावला. तिथल्या कक्ष अधिकाऱ्याने आधी मला पटवून द्यायचा प्रयत्न केला की उद्या शुद्धिपत्रक काढू आणि ते १ एप्रिलपासून लागू धरू. ही सवय आमच्या सगळ्याच कार्यालयांना आहे. तारीख मागे नेली की दोष नाहीसा होतो असे प्रामाणिकपणे मानणारे लोक आहेत. मी त्यांना सांगितले की मागच्या तारखेपासून अधिकार दिला तरी ८ तारखेला सही करणाऱ्याकडे तो नव्हता हे बदलत नाही, आणि उद्या एक्याण्णवावा दिवस आहे. दोनच वाटा होत्या. नियमांनुसार आमच्या शिस्तभंग प्राधिकाऱ्याहून वरिष्ठ प्राधिकाऱ्याने आजच स्वतः वाढीचा आदेश काढायचा, किंवा आमच्या साहेबांना आजपासून पूर्ण कार्यभार औपचारिकपणे देऊन त्यांच्याकडून आजच नवा आदेश काढायचा. वरिष्ठ दौऱ्यावर होते, समितीचे कागद त्यांच्यासमोर नव्हते, म्हणून दुसरी वाट ठरली.

सुधारित आदेशाचा मसुदा मात्र मी मनापासून केला, आणि त्याचा मला आजही अभिमान आहे. त्यात लिहिले की हे अधिकारी आदेश निघाल्याच्या दिनांकापासून आपल्या मूळ कर्तव्यांव्यतिरिक्त उपसंचालक पदाचा संपूर्ण कार्यभार सांभाळतील. त्यात १९६५ च्या नियमांखालील शिस्तभंग प्राधिकाऱ्याच्या अधिकारांसह त्या पदाचे सर्व वैधानिक, प्रशासकीय व आर्थिक अधिकार समाविष्ट राहतील. ही व्यवस्था तीन महिने किंवा नियमित अधिकारी रुजू होईपर्यंत, यांपैकी जे आधी घडेल तोपर्यंत चालेल. आणि अतिरिक्त वेतन मूलभूत नियम ४९ नुसार अनुज्ञेय असेल तरच मिळेल. पूर्वीच्या नमुन्यात मुदतीच्या जागी ‘पुढील आदेशापर्यंत’ एवढेच होते. तो शब्दप्रयोग मला कधीच आवडला नाही, कारण पुढील आदेश काढायला कोणी बसत नाही. हिंदी प्रत या वेळी मी स्वतः केली.

सुधारित आदेश संध्याकाळी सात चाळीसला ईमेलने आला. साहेब घरी न जाता थांबले होते, आणि आठ वाजून दहा मिनिटांनी त्यांनी समितीच्या ६ तारखेच्या शिफारशीवर नव्याने विचार करून वाढीचा नवा आदेश सही केला, ज्यात ८ तारखेचा आदेश रद्द समजावा असे लिहिले. नव्वदावा दिवस संपायला अजून जवळजवळ चार तास होते. घरी जाताना बाड्याच्या चौकात स्कूटर थांबवून मी पाणी प्यायलो, तोपर्यंत सबंध दिवस काही पोटात गेले नव्हते हे ध्यानात आले नव्हते.

माझ्या मनात हे प्रकरण अजून चालू आहे ते पुढच्या गोष्टीमुळे. सुधारित आदेशावर ‘सक्षम प्राधिकाऱ्याच्या मान्यतेने’ असे छापलेले होते, परंतु ती मान्यता ९ तारखेला फोनवर मिळाली होती. तोंडी आदेशाची नंतर लेखी पुष्टी घेणे आपल्याकडे रूढ आहे आणि आचरण नियमांनाही ते मान्य आहे. ती पुष्टी ई-ऑफिसवरील टिपणीत नोंदली गेली ११ एप्रिलला, सकाळी दहा बावन्नला. कागदाच्या काळात ही तारीख कुणीतरी ‘सांभाळली’ असती. संगणक ते करू देत नाही, आणि ते चांगलेच आहे. पण ज्या नेमणुकीला लेखी मान्यताच दोन दिवसांनी मिळाली, तिच्या आधारे वैधानिक अधिकार ९ तारखेला रात्री आठ वाजता वापरता आला का, याचे उत्तर मी दोन्ही बाजूंनी लिहून पाहिले आहे आणि दोन्ही टिपण्या मला पटतात.

नियमित उपसंचालक १२ मे रोजी रुजू झाले. पंचेचाळीस दिवसांहून अधिक काळ पूर्ण कार्यभार सांभाळला तरच अतिरिक्त पदाच्या अनुमानित वेतनाच्या दहा टक्क्यांपर्यंत रक्कम मिळते. साहेबांचे मोजले तर पूर्ण कार्यभाराचे तेहतीस दिवस भरले, त्यामुळे त्यांना एक रुपयाही मिळाला नाही. त्यांनी विचारलेही नाही.

निलंबित लिपिकाला जुलैमध्ये कामावर परत घेतले. रुजू झाल्यावर त्याने सगळ्या आदेशांच्या प्रमाणित प्रती मागितल्या. मी ८ तारखेचा रद्द झालेला आदेश, ९ तारखेचे दोन्ही आदेश आणि त्यांच्या हिंदी प्रती क्रमाने लावून दिल्या, आणि प्रत्येक पानावर शिक्का मारताना तो वाचतो आहे का हे पाहत होतो. त्याने फक्त पाने मोजली, पोचपावतीवर ‘कुल ग्यारह’ असे लिहिले आणि सही केली.