रकमेच्या शेजारचे विषय

रविवार रात्र, ऐरोली

आज व्हॉट्सअ‍ॅपवर होणाऱ्या नवऱ्याबरोबरच्या चॅटमध्ये 'लाख' हा शब्द शोधला. घणसोलीच्या वन बीएचकेची एकूण रक्कम परत बघायची होती, बाकी काही मनात नव्हतं. मग एकेक निकाल उघडून त्याखाली त्याचं काय उत्तर आलंय ते वाचत बसले आणि झोप उडाली.

हिशोब सरळ आहे. घर साठ लाखांचं. या किमतीला बँक जास्तीत जास्त 80 टक्के देते, म्हणजे 48 लाख. उरलेले बारा आपले. मुद्रांक शुल्क 7 टक्के, चार लाख वीस हजार, आणि नोंदणीचे तीस हजार. हे कर्जात धरत नाहीत. म्हणजे साडेसोळा लाख रोख हवेत, दोघांचे मिळून. साडेआठ टक्क्यांनी वीस वर्षांचा हप्ता साधारण साडेएकेचाळीस हजार. हे सगळं मी त्याला लिहिलं आणि खाली विचारलं, "तुझ्याकडून किती जमतील?"

त्याचं उत्तर: "अगं, त्या बिल्डिंगला पाणी चोवीस तास आहे का?"

मग पाण्यावर बोललो, गॅलरीवर, स्वयंपाकघराच्या ओट्यावर. ओटा काळा की पांढरा यावर तर रात्री उशिरापर्यंत. त्यामुळेच मला इतके दिवस कळलं नाही. विषय बदलणारा माणूस गप्प होतो किंवा क्रिकेटवर जातो, असं मी समजत होते. हा घरावरच बोलत राहतो, आणि तेही मनापासून. फक्त 'किती' विचारलं की 'कसं'वर येतो. चॅट भरलेलं दिसतं, आकडा कुठेच नाही.

लग्नाचंही तसंच. नोंदणी पद्धतीने करायचं ठरलंय. विवाह नोंदणी कार्यालयात नोटीस दिली की तीस दिवस थांबावं लागतं, आणि त्या नोटिशीवर तीन महिन्यांच्या आत लग्न करावं लागतं. म्हणून तारीख विचारली. "गणपती होऊ दे." मग पितृपक्ष. मग "दिवाळीत आईशी निवांत बोलतो." आपल्याकडे सणांना तोटा नाही, हा उपाय त्याला आयुष्यभर पुरेल.

त्याला पैशांचं बोलायला मुळातच संकोच वाटत असेल, असंही मनात आलं. म्हणून बाबांच्या मोतीबिंदूच्या वेळचं चॅट काढलं. तिथे लेन्सची किंमत, विम्यातून किती, खिशातून किती, सगळं त्याने न विचारता पाठवलंय, दवाखान्याच्या बिलाच्या फोटोसकट. म्हणजे आकड्यांची अ‍ॅलर्जी नाही. आणि कामाच्या गडबडीत राहिलं म्हणावं, तर राहिलेल्या गोष्टीकडे माणूस नंतर स्वतःहून वळतो. "काल तू विचारत होतीस ना" असं म्हणतो. एवढ्या सगळ्या चॅटमध्ये रकमेबाबत हे वाक्य मला एकदाही सापडलं नाही. बाकी खुणांपेक्षा मला हीच पक्की वाटते.

मात्र कारण यातून कळत नाही. आधीचं एखादं कर्ज असेल, गावी पैसे जात असतील, किंवा घरच नको असेल. किंवा मी. चॅट वाचून यातलं एक निवडलं तर ते माझं मी रचलेलं होईल.

म्हणून संध्याकाळी फिरवाफिरवीला जागाच राहणार नाही असं विचारलं. "आपण दोघंही आपापला क्रेडिट रिपोर्ट काढू. वर्षातून एकदा फुकट मिळतो. सहकर्जदार झालो की दोघंही पूर्ण कर्जाला बांधील, बँक तसंही दोघांचे बघणारच. शुक्रवारपर्यंत पाठवशील का?" माझा लगेच जोडला. त्यात फ्रिजचा हप्ता आहे, आणि एकदा कार्डाचं बिल उशिरा भरल्याचीही नोंद आहे.

"तुझा माझ्यावर विश्वास नाही का?"

हे जबरदस्त असतं. आता मी विश्वास आहे हे पटवत बसायचं, तो रुसणार, मी समजूत काढणार, आणि रिपोर्ट तिथेच राहणार. एरवी तसंच झालं असतं. आज लिहिलं, "विश्वासाचं भेटल्यावर बोलू या, हवं तेवढं. शुक्रवारी रिपोर्ट पाठवतोस का, हो की नाही?"

निळ्या टिका आल्या. थोड्या वेळाने तलावपाळीच्या पावभाजीचा फोटो आला, "मिस यू" लिहून. मी त्यावर काही लिहिलं नाही. भूक मात्र लागली, ते वेगळं.

एजंटला शुक्रवारपर्यंत टोकन देणार नाही असं कळवलंय. आणि उद्या बँकेत माझ्या एकटीच्या पगारावर किती कर्ज बसतं ते विचारून येईन. साठ लाखांचं घर त्यात बसणार नाही, ऐरोलीत वन आरके बघावं लागेल. पण खरेदी फक्त बाईच्या नावावर असली तर मुद्रांक शुल्कात एक टक्का सूट आहे. नवरा जोडीला लावला की ती जाते.