दोघांना अर्धी-अर्धी

जांबोटीत माझा दवाखाना चोर्ला घाटाच्या रस्त्यालाच आहे. लग्नसराईत बेळगावहून गोव्याकडे निघालेल्या गाड्या इथं चहाला थांबतात आणि ओकून ओकून पांढरीफटक पडलेली पोरं माझ्याकडं येतात. त्या दिवशी आलेली चौदा महिन्यांची मुलगी मात्र ओकत नव्हती. ती आजीच्या खांद्यावर गाढ झोपली होती.

"गाडी लागू नये म्हणून औषध दिलंय, त्यानं झोपलीय. पण दूध घेईना, म्हणून दाखवावं म्हटलं," आई म्हणाली. आजीचं मत वेगळं. "झोपू दे की गं, घाट तरी सुखानं पार होईल."

मी तळपायाला जोरात चोळलं. झोपलेलं लेकरू यानं चिडतं, पाय ओढून घेतं, रडतं. हिनं भुवया जराशा आक्रसल्या आणि पुन्हा तसंच. मान सैल, तोंड उघडं, श्वासाला घोरल्यासारखा आवाज. घड्याळ लावून पूर्ण एक मिनिट श्वास मोजले तर सोळा भरले. या वयात झोपेतही पंचवीसच्या आसपास हवेत. बोटाला लावलेल्या यंत्रात ऑक्सिजन 90. हनुवटी वर उचलून धरली तसा तो 95 वर गेला, म्हणजे जीभ मागं पडून वाट अडत होती. ऑक्सिजन लावला, 108 ला फोन केला, आणि टाचेतून रक्त घेऊन साखर तपासली. सुस्त लेकरू म्हटलं की ती आधी बघायचीच. साखर ठीक होती.

"काय दिलं, किती, किती वाजता?"

आईनं पर्समधून पट्टी काढली. प्रोमेथाझिन थिओक्लेट, 25 मिलिग्रॅम. सकाळी साडेसातला दोघा भावंडांना अर्धी-अर्धी गोळी मधातून. थोरला सहा वर्षांचा, तो बाहेर बाकावर बिस्किट खात बसला होता. पाच ते नऊ वर्षांच्या मुलाला ही गोळी अर्धीच देतात, त्यामुळं त्याचं काही बिघडलं नव्हतं. धाकटीचं वजन नऊ किलो. तिच्या पोटात साडेबारा मिलिग्रॅम, म्हणजे किलोमागं जवळपास 1.4. मोठ्या मुलांनाही आम्ही किलोमागं अर्धा मिलिग्रॅम धरतो. पण इथं चूक मात्रेची नव्हतीच. दोन वर्षांखाली प्रोमेथाझिन कुठल्याच मात्रेत द्यायचं नाही. त्यानं एवढ्या लहान मुलांचा श्वास मंदावतो आणि मृत्यूही झालेले आहेत, म्हणून अमेरिकेत त्याच्या माहितीपत्रकावर काळ्या चौकटीत तसा इशारा छापतात.

"आणखी काही दिलंत?"

"नाक गळत होतं, म्हणून सर्दीचं सिरप. पण ते नेहमीचंच."

ते क्लोरफेनिरामाइन आणि फेनिलेफ्रिनचं होतं. हे मिश्रण चार वर्षांखाली देऊ नये, असा आपल्याकडच्या औषध नियंत्रकांचा डिसेंबर 2023 चा आदेश आहे. क्लोरफेनिरामाइनही प्रोमेथाझिनच्याच जातीचं, गुंगी आणणारं. दोन वेगळ्या आजारांची दोन औषधं दिली असं आईला वाटत होतं, पण गुंगीच दुप्पट झाली होती.

आजी आता घाबरली. "मिठाचं पाणी पाजून ओकायला लावू का?" मी हात धरून थांबवलं. अर्धवट शुद्धीतल्या लेकराला ओकायला लावलं तर ते फुप्फुसात जाणार. या औषधाला खास उतारा नाही. वाट मोकळी ठेवायची, श्वासावर लक्ष ठेवायचं आणि गुंगी उतरायची वाट बघायची. गोळी देऊन तेव्हा पावणेदोन तास झाले होते, जोर अजून वाढायचा होता. म्हणून "इथंच थोडं झोपवू" म्हणणाऱ्या वडिलांना मी ठाम नाही म्हटलं. अँब्युलन्समध्ये बेळगावपर्यंत हनुवटी धरून मीच बसलो. रात्रभर तिला अतिदक्षता विभागात ठेवलं. पहाटे ती रडत उठली आणि दूध प्याली.

दहा-बारा दिवसांनी आई पुन्हा फोंड्याला निघाली, तेव्हा मुद्दाम थांबली. धाकटीला गाडी लागते असं कशावरून ठरवलंत, हे मी तेव्हा विचारलं. मागच्या वेळी बाटलीभर दूध पाजून लगेच घाटात शिरले होते, तेव्हा ओकली होती. दोन वर्षांखालच्या मुलांना गाडी सहसा लागतच नाही. तिला औषध नको, निघायच्या तासभर आधी दूध उरका, एवढंच सांगितलं.

थोरल्यासाठी डायमेनहायड्रिनेट लिहून दिलं. पन्नासची अर्धी गोळी, निघण्याआधी अर्धा तास. लागलीच तर सहा तासांनी पुन्हा अर्धी, आणि त्या दिवशी सर्दीचं सिरप नाही. यानंही पेंग येते, पण काही पोरं उलटी चेकाळतात आणि गाडीभर उड्या मारतात, हेही सांगून ठेवलं. "म्हणजे झोपला नाही म्हणून दुसरी द्यायची नाही," आई स्वतःच म्हणाली.

तेवढ्यात धाकटी माझ्या टेबलावर ओकली. आजीनं वाटेत केळं भरवलं होतं.