संपादकांकडून एकच फाइल परत आली तेव्हा : तुकड्यांत लिहिलेल्या कादंबरीचा माझा अनुभव

कादंबरी लिहायला कोणतं सॉफ्टवेअर घ्यावं, यावर भरपूर लिहिलं जातं. लिहून झालेली कादंबरी संपादकांकडे जाऊन परत आली की पुढे काय करायचं, यावर जवळजवळ कुणीच बोलत नाही. माझा सगळा वैताग तिथे झाला, म्हणून हे लिहितो आहे.

आधीचा भाग थोडक्यात सांगतो. वायरायटर, बिबिस्को, नॉव्हेलरायटर अशी फुकट मिळणारी साधनं पाहिली. नॉव्हेलरायटर साध्या मजकुराच्या फायलींत लिहितं आणि दृश्याच्या वर `@pov:` किंवा `@char:` अशा खुणा टाकून पात्रांच्या नोंदी जोडता येतात. ज्यांना मोकळा, साधा मजकूर आवडतो त्यांनी ते जरूर पाहावं. मी स्क्रिव्हनरवर थांबलो, कारण प्रत्येक दृश्य वेगळा तुकडा म्हणून ठेवता येतं, त्याला गोषवारा, टिपणं आणि जुने मसुदे चिकटून राहतात, आणि डावीकडच्या यादीत ते ओढून वरखाली करता येतं. लिहिताना याचा अपार उपयोग झाला. पहिले दोन मसुदे त्यातच झाले.

मग `Compile` करून वर्डची एक फाइल काढली आणि प्रकाशनाच्या संपादकांना पाठवली. त्यांनी मनापासून काम केलं होतं. ओळीओळीवर सूचना, समासात शेरे, दोन ठिकाणी दृश्यांची जोडणी, एक दृश्य उचलून बरंच आधी नेलेलं. पण हे सगळं एका सलग वर्ड फाइलमध्ये. माझ्याकडे मात्र दृश्यांचे सुटे तुकडे, आणि मला तिसरा मसुदा त्या तुकड्यांतच करायचा होता.

अडचण नेमकी काय ते नीट समजून घ्या. वर्डमधल्या `Track Changes`सारखी सोय स्क्रिव्हनरमध्ये नाही. संपादकांचे बदल स्वीकारायचे की नाकारायचे हे वर्डमध्येच उरकावं लागतं. ते उरकल्यावर हाती येतो एक लांबलचक मजकूर, आणि त्यातला कुठला परिच्छेद माझ्या कुठल्या तुकड्यातला, हे सांगणारं त्यात काहीच नसतं. छापील पानावर दृश्य बदललं की एक रिकामी ओळ येते, तेवढीच खूण. रिकामी ओळ दृश्याचं नाव सांगत नाही, आणि जिथे दृश्यं जोडली गेली तिथे तीही उरत नाही.

`File` मेन्यूत `Import and Split` आहे, म्हणजे आणलेली फाइल एखाद्या चिन्हापाशी तोडून तिचे तुकडे करून मिळतात. पण त्यातली एक गोष्ट मला कुणी सांगितली नव्हती. असे आणलेले तुकडे पूर्णपणे नवे असतात. जुन्या दृश्याला लावलेला गोषवारा, टिपणं, रंगखूण, आधीचे मसुदे, यांतलं काहीही त्यांना चिकटलेलं नसतं. जुने तुकडे काढून नवे ठेवले, तर सगळा इतिहास कचरापेटीत जातो. ज्यासाठी हे साधन निवडलं तेच हातातून जातं. त्या संध्याकाळी मला इतका संताप आला होता की सगळं एका वर्ड फाइलमध्ये ढकलून द्यावं असं वाटलं.

मार्ग निघाला तो असा. फाइल पाठवण्याआधीच प्रत्येक दृश्याच्या डोक्यावर एक ठरलेली खूण छापून घ्यायची. `Compile`च्या खिडकीत दृश्यासाठी जो `Section Layout` असतो, त्यात शीर्षक दाखवण्याची सोय चालू करायची, आणि `Title Options`मध्ये शीर्षकाच्या आधी येणारा मजकूर म्हणून तीन `@` आणि एक नवी ओळ टाकायची. मग वर्डमध्ये प्रत्येक दृश्य असं सुरू होतं:

```
@@@
द३१ वसुधा पेटी उघडते
```

`#` किंवा फुल्या वापरू नका, त्या मजकुरात इतरत्रही येतात. `द३१` हा त्या दृश्याचा कायमचा क्रमांक. तो एकदा द्यायचा आणि दृश्य कुठेही गेलं तरी बदलायचा नाही. स्क्रिव्हनर `<$n>` लिहिलं की आपोआप क्रमांक घालतं, पण तो जागेनुसार बदलतो, म्हणून इथे त्याचा उपयोग शून्य. दृश्य हललं हे कळायलाच तर क्रमांक स्थिर हवा. माझ्या संपादकांनी `द३१` उचलून `द२४`च्या आधी ठेवलं, ते दुसऱ्या फेरीत मला यादीवरून नजर फिरवताच दिसलं.

फाइल परत आली की वर्डच्या शोधपट्टीत `@@@` टाकून किती सापडतात ते पाहायचं आणि आपल्या दृश्यांच्या संख्येशी ताडायचं. कमी भरले तर कुठेतरी दृश्यं जोडली गेली आहेत किंवा खूण पुसली गेली आहे. आधी ती जागा शोधून खूण परत घालायची, मगच `Import and Split`मध्ये तोडायचं चिन्ह म्हणून `@@@` द्यायचं. आणलेले तुकडे एका वेगळ्या फोल्डरमध्ये, हस्तलिखिताच्या बाहेर ठेवायचे. त्यांची जागा तात्पुरती आहे.

त्यानंतरचं काम हातानेच करायचं. डावीकडे सगळी जुनी दृश्यं निवडायची आणि `Documents` मेन्यूतून त्यांचे नाव दिलेले `Snapshot`, म्हणजे त्या घडीच्या मजकुराच्या जपून ठेवलेल्या प्रती, एकदम घ्यायचे. मी नाव दिलं होतं, ‘मसुदा २, संपादनाआधी’. मग नव्या तुकड्यातला मजकूर कॉपी करून त्याच क्रमांकाच्या जुन्या तुकड्यात जुन्याच्या जागी चिकटवायचा. जुना तुकडा जागेवर राहतो, त्याची टिपणं राहतात, फक्त आतला मजकूर नवा होतो. चिकटवताना `Paste and Match Style` वापरलं तर तिरपी अक्षरंही जातात, आणि माझ्या कादंबरीतली पत्रं तिरप्या अक्षरांत आहेत. म्हणून साधं चिकटवून नंतर `Convert` मधून `Text to Default Formatting` केलं. त्याने फाँट आणि ओळींमधलं अंतर आपलं होतं, तिरपेपणा टिकतो.

याचं फळ लगेच मिळालं. `Snapshot`च्या पट्टीत `Compare` दाबलं की आधीचा आणि आताचा मजकूर यांतला फरक रंगवून दिसतो. एकेक दृश्य उघडून संपादकांनी काय केलं ते शांतपणे वाचता आलं, आणि जे पटलं नाही ते जुन्या मसुद्यातून परत उचलता आलं. तेव्हा कुठे जीव भांड्यात पडला.

एक गोष्ट आधीच सांगायला हवी होती, आता आठवली म्हणून सांगतो. पाठवलेल्या वर्ड फाइलची एक प्रत हातही न लावता बाजूला ठेवा. संपादकांनी काही पानांवर बदलांची नोंद बंद असताना दुरुस्त्या केल्या होत्या. त्या रंगीत दिसत नव्हत्या. एका पत्राची तारीख बदललेली मला निव्वळ नशिबाने दिसली. त्यावर उपाय वर्डच्या `Review` मध्ये आहे. तिथे `Compare` निवडून एका बाजूला पाठवलेली प्रत, दुसऱ्या बाजूला परत आलेली प्रत द्यायची. परत आलेल्या प्रतीत नोंदवलेले बदल असतील तर वर्ड तुलनेपुरते ते स्वीकारले असं धरतं, त्यामुळे नोंदवलेले आणि न नोंदवलेले, सगळेच फरक एकत्र समोर येतात. लिब्रेऑफिसमध्येही फायलींची अशी तुलना करता येते.

मराठीत या तुलनेला आणखी एक फाटा फुटतो. ‘दुसऱ्या’, ‘तऱ्हा’ यांतला अर्धा र युनिकोडमध्ये दोन प्रकारे साठवता येतो. एकात नुक्त्याचा ऱ आणि हलन्त असतो, दुसऱ्यात साधा र, हलन्त आणि न दिसणारं जोडचिन्ह. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, पण संगणकाला ते वेगळे शब्द. प्रकाशनाकडे मजकूर जुन्या फाँटमध्ये नेऊन परत युनिकोडमध्ये आणला गेला होता, आणि तुलनेत असा प्रत्येक शब्द बदललेला म्हणून रंगला. दिसायला जसाच्या तसा शब्द वारंवार रंगलेला दिसला तर हेच कारण समजा. दोन्ही फायलींच्या प्रती घेऊन त्यांतला तो जोडाक्षराचा तुकडा शोधा-बदला वापरून एकाच प्रकारचा करा आणि मग तुलना करा. खरे बदल तेव्हाच वर येतात.

आता हललेल्या दृश्याबद्दल, कारण पात्रांच्या नोंदींचा खरा उपयोग मला तिथे कळला. `द३१`मध्ये वसुधाला पेटीत घराच्या गहाणखताचा कागद सापडतो. ते दृश्य आधी गेल्यावर मधल्या सगळ्या दृश्यांत ती घर गहाण आहे हे जाणून वावरते. पण `द२६`मध्ये ती भावाला विचारते, घर विकायचं नाही ना? हा प्रश्न आता खोटा पडतो. संपादकांच्या फाइलमध्ये त्यावर काही शेरा नव्हता. मला ते सापडलं ते पात्राच्या पानावरच्या एका साध्या यादीमुळे: कोणत्या क्रमांकाच्या दृश्यात याला काय कळलं. डोळ्यांचा रंग, आवडता पदार्थ यांनी पानं भरण्यापेक्षा ही एक यादी ठेवा, आणि तीही स्थिर क्रमांकांनी. मी प्रकल्पात ‘वसुधा’ शोधून तो शोध `Collection` म्हणून साठवला आणि फक्त तिची दृश्यं नव्या क्रमाने सलग वाचली. आणखी एक जागा तशीच निघाली.

ही सगळी खटपट प्रत्येकाने करावी असं मी म्हणणार नाही. संपादकांचे बदल शब्द आणि विरामचिन्हांपुरते असतील तर वर्डची फाइल हीच मुख्य प्रत माना, तिथेच शेवटचा हात फिरवा आणि स्क्रिव्हनरचा प्रकल्प टिपणांसाठी ठेवून द्या. दृश्यं हलली असतील, प्रकरणं फुटणार असतील, तरच परत तुकड्यांत या. दुसऱ्या फेरीत मी संपादकांना पत्रात स्पष्ट लिहिलं, ‘@@@ आणि त्याखालची ओळ कृपया पुसू नये, दृश्य हलवल्यास ती ओळ सोबत न्यावी.’ त्यांनी ते तंतोतंत पाळलं.

`Snapshot`वर पूर्ण भरवसा मात्र ठेवू नका. तो त्या दृश्याचा मजकूर जपतो, दृश्यांचा क्रम जपत नाही. दुसऱ्या मसुद्यात प्रकरणं कशी लागली होती, हे त्यातून परत मिळणार नाही. त्यासाठी अख्ख्या प्रकल्पाची प्रत लागते. आपोआप होणाऱ्या बॅकअपमध्ये मूळ मांडणीनुसार शेवटच्या ठरावीक प्रतीच राहतात, म्हणजे रोज लिहिणाऱ्याची संपादनाआधीची प्रत काही काळाने नाहीशी होते. म्हणून फाइल पाठवायच्या दिवशी `Back Up To` वापरून तारखेसह वेगळी प्रत काढा आणि ती आपोआप बॅकअप होतो त्या फोल्डरमध्ये ठेवू नका.