भावपत्रकापलीकडचा ईमेल: हायपोवरचा एक अंक कसा लिहिला

रसायन पुरवठादाराकडून डीलरला जाणाऱ्या ईमेलमध्ये सहसा तीनच गोष्टी असतात: नवे दर, ते कधीपासून लागू, आणि सोबत एक पीडीएफ. डीलर आपल्या मालाच्या चार ओळी बघतो आणि ईमेल बंद करतो. दर पंधरा दिवसांनी माहितीचा ईमेल लिहायचं काम माझ्याकडे आलं, तेव्हा पहिला प्रश्न होता की त्यात दर असावेत का. मी ते ठेवले नाहीत. दर असले की नजर थेट तिथे जाते आणि वरचा मजकूर वाचलाच जात नाही. शिवाय डीलरांचे दर त्यांच्या उचलीनुसार वेगवेगळे असतात, त्यामुळे सगळ्यांना एकाच वेळी जाणाऱ्या ईमेलमध्ये आकडा लिहिणं म्हणजे भांडणाला आमंत्रण. तळाशी फक्त एक ओळ असते: ‘दरपत्रक नेहमीप्रमाणे स्वतंत्र ईमेलने येईल.’

विषय मी तक्रार नोंदवहीतून घेतो. नोंदवहीत दोन खुणा शोधायच्या. एक, तीच तक्रार वेगवेगळ्या डीलरांकडून आलेली असावी. दोन, तिच्यावर डीलरला स्वतःच्या गोदामात काहीतरी करता यावं. दुसरी खूण जास्त महत्त्वाची. कारखान्यातल्या प्रक्रियेची माहिती रंजक असते, पण डीलरच्या हातात त्यातलं काही नसतं. या दोन्ही खुणांत चपखल बसलेली तक्रार होती सोडियम हायपोक्लोराइटची, म्हणजे पाणी निर्जंतुक करायला वापरतात त्या हायपोची: ‘हायपो पातळ आलाय, गिऱ्हाइकाला जास्त घालावा लागतो.’

या एका वाक्यामागे दोन वेगळी कारणं असू शकतात आणि आधी ती सोडवून घ्यावी लागतात. पहिलं कारण टक्केवारीच्या मोजमापात आहे. १२ टक्के म्हणजे १०० मिलीलीटरमध्ये १२ ग्रॅम उपलब्ध क्लोरीन, की १०० ग्रॅममध्ये १२ ग्रॅम? हायपो पाण्यापेक्षा जड असतो. घनता १.१७ धरली तर आकारमानाने १२ टक्के असलेला माल वजनाने १०.३ टक्क्यांच्या आसपास भरतो. माल तोच असतो, पण प्रमाणपत्रावर एक आकडा आणि गिऱ्हाइकाच्या प्रयोगशाळेच्या अहवालात दुसरा. इथे कुणीच चूक नसतं. दुसरं कारण खरं आहे: हायपो ठेवल्या जागी उतरतो, म्हणजे त्याची ताकद कमी होते. दोन्ही कारणं एकाच अंकात घातली असती, तर डीलरने सोयीचं ते लक्षात ठेवलं असतं. म्हणून या अंकासाठी साठवण घेतली आणि टक्केवारीचा घोळ पुढच्या अंकासाठी ठेवला.

लिहायला बसण्याआधी गुणवत्ता विभागातल्या रसायनतज्ज्ञांकडून कारणं नीट समजून घेतली. हायपो दोन वाटांनी उतरतो. एका वाटेने त्याचं क्लोरेट आणि मीठ होतं. ही क्रिया हळू चालते, पण उष्णतेने झपाट्याने वाढते. तापमान १० अंश सेल्सिअसने वाढलं की वेग सुमारे तीन ते साडेतीन पट होतो. माल जितका तीव्र, तितका हा ऱ्हासही वेगवान, म्हणून सौम्य हायपोपेक्षा १२ टक्क्यांचा माल लवकर उतरतो. दुसऱ्या वाटेने त्यातून ऑक्सिजन सुटतो. तांबं, निकेल किंवा कोबाल्ट यांचा अंश मिसळला की ही क्रिया भडकते. पितळी नळ, तांब्याचं फिटिंग, आधी दुसरा माल भरलेलं पिंप, सगळ्यांतून असा अंश येऊ शकतो. ड्रम फुगतो तो या ऑक्सिजनमुळे. प्रकाशानेही माल उतरतो, म्हणून अर्धपारदर्शक कॅन उन्हात ठेवायचा नसतो.

यातलं ईमेलमध्ये किती जावं? माझी कसोटी सोपी आहे. जे वाचून गोदामातल्या माणसाच्या हालचालीत फरक पडेल ते ठेवायचं. क्लोरेटचं रसायनशास्त्र गाळलं. १० अंशांची ओळ ठेवली, कारण पत्र्याच्या शेडखालचा साठा सावलीत हलवायला तेवढं कारण पुरतं. पितळी नळ ठेवला, कारण तो बदलता येतो.

नुसतं ‘सावलीत ठेवा’ म्हटलं तर कुणी हलत नाही; नुकसान गिऱ्हाइकाच्या भाषेत दाखवावं लागतं. म्हणून एक हिशेब घातला. गिऱ्हाइकाला १,००० लीटर पाण्यात २०० पीपीएम क्लोरीन हवं आहे, म्हणजे २०० ग्रॅम. माल १२ टक्के असेल तर एका लीटरमध्ये १२० ग्रॅम, म्हणून साधारण १.६७ लीटर हायपो लागतो. तोच माल ९ टक्क्यांवर उतरला तर २.२२ लीटर लागेल. गिऱ्हाइकाने सवयीने १.६७ लीटरच घातला, तर पाण्यात १५० पीपीएमच मिळतं, निर्जंतुकीकरण अर्धवट होतं आणि शिवी डीलरला बसते. या परिच्छेदात दोनच टक्केवाऱ्या आहेत, आणि त्या जाणीवपूर्वक दोनच ठेवल्या आहेत. तिसरी आली की वाचणारा हिशेब सोडून देतो.

शेवटी गेलेला मजकूर असा:

‘नमस्कार,

हायपो साठवताना ताकद का उतरते आणि ती कशी टिकवायची, याबद्दल या वेळी थोडक्यात.

साठवणीचं तापमान १० अंशांनी वाढलं तर हायपो सुमारे तीनपट वेगाने उतरतो. ड्रम सावलीत, हवा खेळती असलेल्या जागी आणि ॲसिडपासून वेगळे ठेवा. ड्रमवरची उत्पादन तारीख बघा आणि जुना माल आधी काढा. नवा माल पुढे रचला की जुना मागेच राहतो. झाकण वायू बाहेर सोडणारं आहे ना, हे तपासा. त्याऐवजी साधं घट्ट झाकण लावू नका. पितळी नळ किंवा तांब्याचं फिटिंग हायपोला वापरू नका.

ड्रम फुगलेला दिसला तर झाकण झटक्यात उघडू नका आणि ड्रम दुसऱ्या मालात रिकामा करू नका. बाजूला ठेवून बॅच नंबरासह आम्हाला कळवा.

१२ टक्क्यांचा हायपो ९ टक्क्यांवर आला, तर १,००० लीटर पाण्यात २०० पीपीएमसाठी १.६७ लीटरऐवजी २.२२ लीटर लागतो. गिऱ्हाइकाने “जास्त घालावा लागतो” म्हटलं, तर आधी मालाची तारीख विचारा.

आपल्याकडे उन्हाळ्यात हायपोचा साठा साधारण किती दिवस पडून राहतो? या ईमेलला उत्तर द्या, त्यानुसार छोट्या लॉटची सोय करता येते का ते बघतो.’

शेवटचा प्रश्न शिष्टाचारापुरता नाही. साठा किती दिवस थांबतो हे विक्री विभागाला नेमकं माहीत नसतं, आणि हायपोच्या बाबतीत तक्रारीचं मूळ बहुतेक वेळा तिथेच असतं. उत्तर कुठे पाठवायचं तो पत्ताही खरा हवा. ‘नोरिप्लाय’ पत्त्यावरून तांत्रिक सल्ला पाठवणं मला पटत नाही. फुगलेला ड्रम बघून कुणी त्याच ईमेलला उत्तर दिलं, तर ते वाचणारं माणूस हवं.

मसुदा दोन ठिकाणी तपासला जातो. गुणवत्ता विभाग आकडे बघतो आणि सुरक्षा अधिकारी प्रत्येक वाक्य सेफ्टी डेटा शीटशी ताडून बघतात. या अंकातून त्यांनी एक ओळ काढायला लावली. मी लिहिलं होतं की माल बराच काळ ठेवायचा असेल तर सौम्य करून ठेवावा, म्हणजे कमी उतरतो. रसायनशास्त्राच्या दृष्टीने ते बरोबर आहे. पण डीलरने पाणी घातलं की लेबलवरचा आकडा खोटा ठरतो, हायपोला स्थिर ठेवणारा कॉस्टिकचा अंशही पातळ होतो, आणि पाण्यात धातूंचा अंश असेल तर ऱ्हास उलट वाढतो. कठीण पाण्याने साका बसतो तो वेगळाच. पुरवठादाराच्या ईमेलमध्ये असा सल्ला बसत नाही. तीच गोष्ट ॲसिडची. हायपो ॲसिडला लागला की क्लोरीन वायू सुटतो, म्हणून ‘वेगळे ठेवा’ हे दोन शब्द कितीही काटछाट केली तरी राहतातच.

चाचणीपट्ट्यांची ओळही काढली, पण वेगळ्या कारणाने. एक मिलीलीटर हायपो एक लीटर पाण्यात घातला की १२ टक्क्यांच्या मालाला १२० पीपीएम आणि ९ टक्क्यांच्या मालाला ९० पीपीएम यायला हवं. ५०, १००, २०० असे टप्पे असलेल्या पट्टीवर हे दोन रंग जवळजवळ सारखेच दिसतात. पट्टीवरून माल जिवंत आहे की मेला एवढंच कळतं. डीलर मात्र तीच पट्टी पुरावा म्हणून पुढे करेल. नेमका आकडा हवा असेल तर नमुना पाठवून थायोसल्फेटचं टायट्रेशनच करून घ्यावं लागतं. नमुना गडद बाटलीत, थंड जागी ठेवून आणि लवकर पाठवायचा, नाहीतर वाटेतच उतरतो.

पाठवण्याच्या बाजूने विषयाची ओळ महत्त्वाची. बहुतेक डीलर ईमेल फोनवर बघतात आणि तिथे ओळीचा पुढचा भागच दिसतो. म्हणून ‘डीलर माहितीपत्र, अंक अमुक’ असं न लिहिता ‘हायपोचा ड्रम फुगतोय? आधी हे बघा’ असं लिहिलं. मजकूर साध्या अक्षरांत ठेवला. हिशेबाचं सुंदर चित्र बनवून टाकलं, तर चित्रं बंद ठेवलेल्या फोनवर तिथे रिकामी चौकट दिसते, आणि तोच भाग वाचला जाणं सर्वांत गरजेचं असतं. डीलरांचे पत्ते एकमेकांना दिसू नयेत, म्हणून पाठवणी यादीच्या सेवेतूनच करायची. पत्ते हाताने ‘टू’मध्ये चिकटवले की सगळं डीलर जाळं प्रतिस्पर्ध्याच्या हाती जायला एक फॉरवर्ड पुरतो.

उघडणाऱ्यांच्या टक्केवारीवर मी फारसा विसंबत नाही. ॲपलच्या मेलने २०२१ पासून चित्रं आधीच उतरवून घेण्याची सोय दिल्यापासून कुणी न वाचलेला ईमेलही उघडलेला म्हणून मोजला जातो. त्याऐवजी किती उत्तरं आली आणि पुढच्या काही महिन्यांत हायपोच्या तक्रारींबरोबर बॅच नंबर नि तारीख किती जणांनी लिहिली, हे बघतो. ‘पातळ आलाय’ या तक्रारीच्या जागी ‘अमुक बॅच, अमुक तारीख, ड्रम उन्हात होता’ असं येऊ लागलं की उत्तर देणाऱ्याचं काम अर्धं होतं.

अंकात एखादा आकडा चुकलाच, तर दुरुस्ती पुढच्या अंकाच्या कोपऱ्यात देऊन भागत नाही. त्याच यादीला, विषयात ‘दुरुस्ती’ हा शब्द लिहून, जुना आणि नवा आकडा शेजारी ठेवून स्वतंत्र ईमेल पाठवावा लागतो, कारण डीलरने आधीचा मजकूर गोदामाच्या भिंतीवर चिकटवलेला असू शकतो. म्हणून प्रत्येक अंकाच्या तळाशी क्रमांक आणि तारीख छापतो, म्हणजे भिंतीवरचा कागद कोणता ते फोनवर विचारून कळतं.