एप्रिलातली माझीच नोंद

निपाणी आणि आसपासच्या अकरा दुकानांचे हिशेब मी लिहिते. त्यातल्या एका पाइप-पंपांच्या दुकानाचं डिसेंबरातलं प्रकरण अजून डोक्यातून जात नाही, म्हणून लिहायला बसले.

माझा महिना साधारण असा जातो. एक ते पाच तारखेपर्यंत दुकानांतून बिलांच्या पिशव्या गोळा करायच्या. आठ तारखेपर्यंत विक्रीचं रजिस्टर करसल्लागारांकडे द्यायचं, कारण अकराला विक्रीचं विवरण, जीएसटीआर-१, भरायचं असतं. चौदाला पोर्टलवर २बी तयार होतं, म्हणजे आपल्याला माल विकणाऱ्यांनी आपल्या नावावर काय दाखवलं त्याची यादी. ती दुकानदार स्वतः उतरवून मला पाठवतो. मी टॅलीतल्या खरेदीशी ती ताडून बघते आणि सतरापर्यंत तक्ता सल्लागारांकडे जातो. वीस तारखेचं ३बी, म्हणजे कर भरायचं विवरण, ते भरतात. पोर्टलचा पासवर्ड मी कुणाचाच ठेवत नाही. ओटीपी मालकाच्या मोबाईलवर येतो आणि तो मी कधी मागत नाही. बिलावर छापलंय ते वहीत उतरवणं माझं काम, कर किती आणि कसा हे ठरवणं सल्लागारांचं. ही रेघ मी पहिल्या दिवसापासून आखलेली आहे.

पंधरा डिसेंबरला जुळणीची जुनी एक्सेल फाईल उघडेना, म्हणून नव्याने तक्ता मांडायला घेतला. एरवी जीएसटी नंबर, बिल नंबर आणि कराची रक्कम एवढंच सूत्रात घालून जुळवते. या वेळी २बीचे सगळे रकाने आडवे सरकवत गेले, आणि पार उजवीकडे `ITC Availability` या रकान्यात कोल्हापूरच्या एका व्यापाऱ्याच्या दोन बिलांपुढे `No` दिसलं. बिल नंबर जुळत होता, रक्कम पैशापर्यंत जुळत होती, पण क्रेडिट, म्हणजे खरेदीवर दिलेला कर आपल्या करातून वजा, मिळणार नव्हतं.

बिलं काढून समोर ठेवली. अडतीस हजारांचा माल, १८ टक्क्यांनी ६,८४० रुपये कर, आणि तो अर्धा सीजीएसटी, अर्धा एसजीएसटी असा लावलेला. व्यापाऱ्याचा नंबर २७ ने सुरू होतो, म्हणजे महाराष्ट्र. आमच्या दुकानाचा २९ ने, म्हणजे कर्नाटक. राज्याची हद्द ओलांडून माल आला, तर बिलावर आयजीएसटी एकटाच हवा. महाराष्ट्राचा एसजीएसटी कर्नाटकातल्या दुकानाला वजा मिळत नाही, आणि त्याच्यासोबत लावलेला सीजीएसटीही मिळत नाही. पुण्यात लॉजवर राहिलं की त्या बिलाचा कर निपाणीच्या दुकानाला वजा मिळत नाही, तसंच हे. पण लॉजचं ते बरोबरच आहे, खोली पुण्यातच वापरली. पाइप मात्र निपाणीत येऊन पडले होते.

मागचे सगळे महिने उघडले. त्या व्यापाऱ्याची एकूण सात बिलं निघाली, मार्चची दोन आणि ऑगस्टनंतरची पाच. प्रत्येक अडतीस हजारांचं, कारण दुकानाचे मालक, ज्यांना मी काका म्हणते, त्यांच्या टेम्पोत एका खेपेला तेवढाच माल बसतो. पन्नास हजारांच्या आत असल्यामुळे ई-वे बिलाचाही प्रश्न आला नव्हता. आत्ताची दोन सोडून बाकी पाच बिलांचं क्रेडिट मिळून ३४,२०० रुपये ३बीमध्ये घेतलं गेलं होतं, आणि वापरूनही झालं होतं. पोर्टल २बीवरून जो आकडा आपोआप भरतं, तो खोडून सल्लागारांच्या ऑफिसात माझ्या रजिस्टरची बेरीज घातली जात होती.

दुकानात गेले. काकांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "ताई, तुमच्या वहीत तेवढं आयजीएसटी करून टाका की. माल तर आलाय न्हवं? पैसं बी दिल्यात."

"काका, बिलावर छापलंय तेच वहीत येणार. उद्या बिल आणि वही शेजारी ठेवली, तर खोटी माझी वही ठरेल."

काका गप्प झाले. मालाचा कर खिशातून दिलाय आणि तो परत भरायचा, हे कुठल्याही दुकानदाराला पटणं अवघड आहे. त्यांचा राग मला कळत होता.

सल्लागारांना फोन केला. ते म्हणाले, किरकोळ रक्कम आहे, एवढं कोण बघतंय. हे वाक्य मी फार ऐकते, आणि प्रत्येक वेळी मला त्याचा संताप येतो. नोटीस येते ती दुकानदाराला. मी वाद घातला नाही. सात बिलांचे फोटो, प्रत्येकासमोर २बीतली ओळ आणि बेरीज असं एका पानावर करून पाठवलं, काकांनाही तेच पान दिलं. संध्याकाळी सल्लागारांचा फोन आला. दुकान निपाणीचं, माल निपाणीला, तेव्हा आयजीएसटीच हवा. घेतलेलं क्रेडिट उलटवायचं, वर वर्षाला १८ टक्क्यांनी व्याज, आणि व्यापाऱ्याकडून बिलं दुरुस्त करून घ्यायची. निर्णय त्यांचा होता आणि तो त्यांनी नीट दिला, हेही सांगायला हवं.

दुसऱ्या दिवशी काकांबरोबर टेम्पोतून कोल्हापूरला गेले. चाळीस किलोमीटरचा तर रस्ता. काउंटरवरच्या मुलाने आमचं खातं उघडून दाखवलं. जीएसटी नंबर २९ चाच होता, पण खाली राज्याच्या जागी महाराष्ट्र. तो अगदी सहज म्हणाला, "निपाणी म्हणजे आपलंच की, म्हणून तसं घातलं." या वाक्यावर इकडे कुणाचंही मन हलेल, काकांचंही हललं. पण खात्यात राज्य महाराष्ट्र असलं, की सॉफ्टवेअर मुकाट्याने सीजीएसटी-एसजीएसटी लावतं.

तिथले मालक समजूतदार निघाले. ऑगस्टनंतरच्या पाच बिलांना क्रेडिट नोट काढून आयजीएसटीची नवी बिलं द्यायला ते तयार झाले. त्यामुळे ३४,२०० रुपये सुटले. मार्चच्या दोन बिलांना मात्र त्यांनी हात जोडले. गेल्या आर्थिक वर्षाच्या बिलांची क्रेडिट नोट ३० नोव्हेंबरपर्यंतच दाखवता येते, आणि आम्ही सोळा डिसेंबरला त्यांच्यासमोर उभे होतो. १३,६८० रुपये गेले, वर व्याज.

घरी आल्यावर मार्चचा तक्ता पुन्हा बघावा म्हणून जुनी फाईल मुलाकडून कशीबशी उघडून घेतली. त्या दोन बिलांच्या ओळीत, शेवटच्या रकान्यात, माझ्याच हातची नोंद होती: "२बीत No आहे. सरांना विचारणे." तारीख १५ एप्रिल.

नवीन व्यापारी म्हणून तेव्हा मी सगळे रकाने बघितले होते. तक्ता त्या नोंदीसकट सल्लागारांकडे गेला होता. तिथे कुणी शेवटच्या रकान्यापर्यंत आलं नाही, आणि मी फोन करून विचारलं नाही. कर त्यांचा विषय, असं म्हणून मी पुढच्या पिशवीकडे वळले असणार. क्रेडिट मिळतं की नाही हे सांगणं माझं काम नाही, हे मी आजही म्हणेन. पण एप्रिलात एक फोन केला असता, तर व्यापाऱ्याकडे जायला साडेसात महिने हातात होते.

काकांना ती नोंद दाखवली. त्यांनी दोनदा वाचली आणि विचारलं, "म्हणजे तवाच कळलं हुतं?"

"हो," म्हटलं.

डिसेंबरच्या कामाचे पैसे मी त्यांच्याकडून घेतले नाहीत. ते द्यायला आले होते. आता `No` वाल्या ओळी मी तक्त्यात ठेवत नाही, वेगळ्या कागदावर काढते, आणि सतरा तारखेला सल्लागारांच्या ऑफिसात जाऊन त्या कागदावर त्यांची सही घेते. पहिल्यांदा त्यांना ते आवडलं नाही. जानेवारीत त्या कागदावर तीन ओळी होत्या, तीन वेगवेगळ्या दुकानांच्या, आणि त्यातली एक त्याच काउंटरची होती. तिथल्या मुलाने काकांच्या खात्यातलं राज्य बदललं होतं. निपाणीच्या दुसऱ्या दुकानाचं राहून गेलं होतं.