आमची वाटचाल : डॉलरमधले कर्ज आणि आमची दोन यंत्रे

शिरोलीच्या औद्योगिक वसाहतीत आम्ही पंपांच्या कास्टिंगचे मशिनिंग करतो. २०१३ च्या मे महिन्याच्या सुरुवातीला तैवानहून दोन व्हीएमसी, म्हणजे संगणकावर चालणारी उभी मशिनिंग यंत्रे, आणण्यासाठी आम्ही बँकेकडून दोन लाख डॉलरचे कर्ज घेतले. रुपयातल्या कर्जाला तेरा टक्क्यांच्या आसपास व्याज होते, डॉलरच्या कर्जाला सहाच्या आत, आणि या फरकापुढे मला दुसरे काही दिसले नाही. त्या दिवशी डॉलर ५४ रुपयांना होता, म्हणजे आमच्या वहीत १ कोटी ८ लाखांचे देणे लागले. फेड दहा तिमाही हप्त्यांत, प्रत्येकी २० हजार डॉलर.

त्याच महिन्याच्या अखेरीपासून अमेरिकेची मध्यवर्ती बँक रोखेखरेदी आटोपती घेणार अशी चर्चा सुरू झाली, परदेशी पैसा बाहेर पडू लागला आणि ऑगस्टच्या अखेरीस, आमच्या पहिल्या हप्त्याच्या वेळी, डॉलर ६८ वर गेला होता. जो हप्ता १० लाख ८० हजारांचा धरला होता, तो १३ लाख ६० हजारांचा झाला. मला खरा धक्का बसला तो त्यापुढच्या ओळीने. हप्ता भरूनही १ लाख ८० हजार डॉलर बाकी होते आणि त्या दिवसाच्या दराने ती बाकी होत होती १ कोटी २२ लाख ४० हजार, म्हणजे मूळ उचललेल्या रकमेपेक्षा जास्त. बँकेने एक डॉलरही वाढवला नव्हता. आमचे ग्राहक मात्र इचलकरंजी-सांगलीचे, त्यांचे नगावरचे दर रुपयांत ठरलेले, त्यामुळे एक डॉलर मिळवण्यासाठी आता चौथ्या हिश्श्याहून अधिक जादा काम करावे लागत होते. शेजारच्या गाळ्यातले गृहस्थ निर्यात करायचे. कर्ज त्यांचेही डॉलरचेच, पण आवकही डॉलरचीच असल्याने त्यांच्या हप्त्याचे वजन जिथल्या तिथे राहिले.

डॉलरमध्ये कर्ज घेणाऱ्या सरकारचेही असेच होते, कारण कर गोळा होतो तो आपल्याच चलनात. २०२२ च्या मार्चच्या सुरुवातीला श्रीलंकेत डॉलर सुमारे २०० रुपयांना होता, मे महिन्यात तो ३६० च्या घरात गेला. शंभर कोटी डॉलरचे देणे तिथल्या वीस हजार कोटी रुपयांवरून छत्तीस हजार कोटींवर गेले, आणि त्यातही तिजोरीत डॉलरच उरले नव्हते. एप्रिलमध्येच त्या सरकारने परदेशी कर्जाची फेड थांबवल्याचे जाहीर केले.

पुढे आपला रुपया सावरून ६२ च्या आसपास आला, तेव्हा उरलेल्यांपैकी चार हप्त्यांचे फॉरवर्ड बुक केले, म्हणजे त्या हप्त्यांना लागणाऱ्या डॉलरचा दर बँकेशी आधीच ठरवून घेतला. त्यासाठी वर्षाला सहा-सात टक्के प्रीमियम पडला, म्हणजे व्याजात जेवढे वाचत होते तेवढे जवळजवळ सगळे त्यात गेले. स्वस्त वाटलेले ते व्याज मुळात रुपया स्थिर राहील या भरवशावर स्वस्त होते, हे मला बँकेच्या मंजुरीपत्रावर सही करण्याआधी कळायला हवे होते.

तिसरे यंत्र आम्ही रुपयातल्या कर्जावर घेतले. चौथ्याच्या वेळी आमचा एक ग्राहक डॉलरमध्ये बिल चुकवू लागला होता, म्हणून त्याच्या वर्षभराच्या ऑर्डरी मोजल्या आणि तेवढ्याच डॉलरचे कर्ज उचलले, बाकीचे रुपयांत.