दीड टक्का

गोव्यात दुपारी एक ते चार कोणी कोणाला पैशांसाठी फोन करत नाही, त्यामुळे ती वेळ पत्र लिहायला बरी. आमचं एसी सर्व्हिसिंगचं काम, म्हापशाला. गिऱ्हाइकं बहुतेक किनाऱ्याकडची, गेस्टहाऊसवाली, माणसं चांगली पण पेमेंट म्हटलं की "बघूया मरे". आता पुढच्या महिन्यापासून उशिराला व्याज, असं सगळ्यांना कळवायचंय.

फोंड्याला आजोबांचं दुकान होतं. चवथीच्या आधी कोणी उधारीवाला आला की आजोबा बाकीचा शब्द काढायचे नाहीत, फक्त वही त्याच्या बाजूला फिरवून ठेवायचे आणि सुपारी कातरत बसायचे. पण तिथे समोर माणूस असायचा, आमच्याकडे समोर अकाउंटंट असतो, त्याला सुपारी कळत नाही, तारीख कळते. म्हणून आधी मालकाला फोन, ओळख आहे तिथे, आणि मग अकाउंटंटला दोन ओळी: '१ नोव्हेंबरपासूनच्या बिलांना ३० दिवसांची मुदत, त्यानंतर महिन्याला दीड टक्का. जुन्या बाकीवर व्याज नाही.' ती शेवटची ओळ नसली तर मार्चची बाकी असलेला माणूस फोनच उचलणार नाही. आणि "सगळ्या गिऱ्हाइकांना हेच" हे सांगायलाच हवं, नाहीतर प्रत्येकाला वाटतं हे माझ्यासाठीच काढलंय.

नोव्हेंबरच का, तर तेव्हा सीझन सुरू झालेला असतो, हातात पैसा असतो. जूनमध्ये हेच पत्र गेलं तर खोल्या रिकाम्या, वरून पाऊस, भांडण ठरलेलं.

आता हिशोब बघा. ३ नोव्हेंबरचं चाळीस हजारांचं बिल, मुदत ३ डिसेंबर, पैसे आले ३ जानेवारीला, म्हणजे व्याज सहाशे. ते खरंच घेतलं तर त्यावरही जीएसटी लागतो, आमच्या कामाला अठरा टक्के, म्हणजे आणखी एकशे आठ. सहाशेने मी काही श्रीमंत होत नाही. म्हणून जुन्या गिऱ्हाइकाला पहिल्या वेळी स्टेटमेंटवर व्याज सहाशे लिहायचं आणि खालीच, या वेळेपुरतं माफ. नुसतं तोंडी सोडलं तर नियम होता हेच कोणाला आठवत नाही.

उद्यम रजिस्ट्रेशन असलेल्या छोट्या धंद्याला कायदा याहून कडक हत्यार देतो, लेखी ठरलेलं असलं तरी पंचेचाळीस दिवसांच्या वर मुदत नाही, आणि व्याज बँक रेटच्या तिप्पट, तेही दर महिन्याला चक्रवाढ. पत्रात ते कलम टाकायचं नाही असं माझं मत. कलम वाचलं की माणूस वकिलाला फोन करतो, आपल्याला नाही.

परवा एका गेस्टहाऊसवाल्या बाबाला फोनवर सगळं नीट सांगितलं. त्याने शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "आणि लवकर दिले तर किती देतलो?"

आता याला काय सांगायचं.